हात वगळून

मुलगी म्हणाली होती, "बाबा, तुम्ही ड्रॉइंग करतानाचा व्हिडिओ पाठवा ना. पण एक मिनिटाचाच हं, इथे जेवणाची सुट्टी तेवढीच उरते." ती दूरच्या शहरात सॉफ्टवेअरमध्ये होती आणि रविवारी दहा मिनिटे फोन करी. त्या दहा मिनिटांतली तीन हवापाण्यात जात. त्यामुळे तिने आपण होऊन काही मागितले, हीच मोठी गोष्ट होती.

तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे ड्रॉइंग शिकवलेल्या सरांनी आधी गणित मांडले. पंपाचा उभा छेद, म्हणजे पंप मधोमध कापला तर आतून दिसेल तसे चित्र, शाईत काढायला साठ तास लागणार. एक मिनिटाची फिल्म, सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे एकूण पंधराशे फोटो. साठ तासांना पंधराशेने भागले की दर दोन मिनिटे चोवीस सेकंदांनी एक. जुन्या कॅमेऱ्यात ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढण्याची सोय होती. तो त्यांनी फळीला घट्ट बांधून बोर्डाच्या बरोबर वर टांगला आणि विजेला जोडला. फोकस आणि उजेडाचे आकडे कायम केले, नाहीतर फिल्म लुकलुकते. ढगांनी उजेड बदलू नये म्हणून भर दिवसा खिडकीचे पडदे ओढून दिवा लावला. पत्नी गेल्यापासून त्या खोलीत डोकावणारे कुणी नव्हतेच, आता ऊनही येईनासे झाले.

पहिल्याच दिवशी एक दोष दिसला. फोटोत पंपापेक्षा हातच जास्त. तेव्हा सरांनी शिस्त लावून घेतली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सेकंद उलटे मोजले जात. पाच उरले की पेन उचलायचे, मागे रेलायचे, क्लिक झाले की पुन्हा वाकायचे.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त फिटर एकदा चहाला आले आणि दारातच थबकले.

"अहो सर, हे ड्रॉइंग चाललंय की कवायत?"

"हात मध्ये येतो."

"मग येऊ द्या की! हातानंच काढताय ना? का पायानं?"

"फिटर, तुमचं आयुष्य पाना फिरवण्यात गेलं. रेषेला अडथळा चालत नाही."

"बरं बाबा, राहिलं," म्हणत फिटरांनी चहा संपवला आणि ते गेले. तेवढ्यात क्लिक झाले. सर मागे रेललेलेच होते.

दहा दिवसांत छेद पुरा झाला. शिस्तीतूनही तेवीस फोटोंत हात नाहीतर डोके आले होते. सरांनी ते वेगळे करून 'रद्द' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले. फेकले मात्र नाहीत, कारण बाद झालेला कागदही जपण्याची त्यांची जुनी खोड. उरलेल्या चौदाशे सत्त्याहत्तर फोटोंची फिल्म एकोणसाठ सेकंदांची झाली. कोऱ्या कागदावर मध्यरेषा उमटली, भोवती पंपाचे कवच चढले, तिरप्या रेषा सरसर भरल्या गेल्या. कुठे धक्का नाही, सावली नाही. सरांनी ती सात वेळा पाहिली आणि पाठवली.

रविवारी फोन आला. या खेपेस हवापाणी झालेच नाही.

"छान आहे, बाबा."

"पण?"

"हे आपोआप उमटल्यासारखं दिसतंय. तुम्ही कुठे आहात यात?"

"अगं, हात मध्ये येत होता. काढून टाकला."

"मी लहानपणी तुमच्या बोर्डाशेजारी स्टुलावर बसायचे," ती म्हणाली, "तेव्हा काय पंप बघत होते का, बाबा?"

फोन ठेवल्यावर सर त्या पुऱ्या झालेल्या छेदासमोर बसून राहिले. शाई वाळलेली होती. ते साठ तास पुन्हा काही घडणार नव्हते. मग त्यांनी 'रद्द' उघडले. तेवीस फोटो पंचवीसच्या वेगाने एका सेकंदातही संपले असते. त्यांनी एकेकाला दोन सेकंद दिले. एकात नुसती बाही होती. एकात टक्कल. एकात हात कागदावर निवांत पडलेला, पेनाला टोपण लावलेले. बहुधा डुलकी लागली असावी. शेचाळीस सेकंदांची ती ओबडधोबड फिल्म त्यांनी एक शब्दही न लिहिता पाठवून दिली.

बुधवारी दुपारी, फोनचा वार नसताना, तिचा संदेश आला. "सतराव्या फोटोत तुम्ही मनगटानं चष्मा वर ढकलताय. मीही अस्साच ढकलते. इथे सगळे हसतात."

सरांनी तो दोनदा वाचला. मग नवा कागद टाचला, पडदे तेवढे उघडले आणि कॅमेरा चालू केला. फिल्म लुकलुकली तर लुकलुको. कॅमेऱ्यावर पाच सेकंद उरले तेव्हा सवयीने पेन उचलले गेले. त्यांनी ते परत कागदावर टेकवले आणि क्लिक होईपर्यंत रेघ ओढत राहिले.