बाराव्या तारखेचा परतावा

मोनालीच्या स्कूल व्हॅनचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कटायचा, नऊ हजार आठशे चाळीस रुपये. बेसा भागातल्या बावीस मुलांना दोन फेऱ्यांत शाळेत पोचवून परत आणायचं हे तिचं काम. गेल्या दोन वर्षांत एकही हप्ता चुकला नव्हता. आता तिला दुसरी व्हॅन घ्यायची होती. नव्या सोसायट्यांतून रोज फोन येत होते, आणि त्याच फायनान्स कंपनीत तिने नव्या कर्जाचा अर्ज टाकला होता.

डिसेंबरात तीन पालकांनी फी दिली नाही. पाच तारखेला सकाळी खात्यात नऊ हजार सहाशे बारा होते. दुपारी मोबाइलवर मेसेज आला : हप्ता परत गेला, खात्यात पुरेशी रक्कम नाही.

"दोनशे अठ्ठावीसच रुपये कमी होते," संध्याकाळी ती नवऱ्याला, धम्मानंदला म्हणाली. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर होता आणि नुकताच शिफ्टवरून आला होता.

"मग टाकून दे ना तेवढे. ते पुन्हा कापतीन."

फायनान्स कंपनीचा मेसेजही तेच सांगत होता : नऊ तारखेला पुन्हा प्रयत्न केला जाईल. मोनालीने हातातले तीनशे रुपये लगेच खात्यात भरले आणि निर्धास्त झाली.

नऊ तारखेला हप्ता पुन्हा परत गेला.

यावेळी ती थेट बँकेत गेली. काउंटरवर नंदिनी बसली होती. ती मोनालीच्याच सोसायटीत राहायची.

"ताई, मी तीनशे भरले होते ना? मंग काहून बाउन्स झाला?"

नंदिनीने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे बघ. पाच तारखेला हप्ता परत गेला, त्याचा आमच्या बँकेचा चार्ज पाचशे, त्यावर जीएसटी नव्वद. सहाला पाचशे नव्वद कटले. म्हणजे तुझे तीनशे धरूनही खात्यात नऊ हजार तीनशे बावीसच राहिले. पाचशे अठरा कमी पडले. आणि आता दुसऱ्या बाउन्सचे पुन्हा पाचशे नव्वद जातील."

"म्हणजे मी हप्त्याचाच हिशोब केला, दंडाचा केलाच नाही."

"बहुतेक सगळ्यांचं हेच होतं. फायनान्सवाले त्यांचा बाउन्स चार्ज वेगळा लावतात, तो तुझ्या कर्जाच्या खात्यात दिसेल. आमचा या खात्यातून जातो. दोन्ही वेगळे."

मोनालीने मनात एक गोष्ट पक्की केली. तिसऱ्या वेळेची वाट पाहायची नाही. दहा तारखेला तिन्ही पालकांनी बाराशेप्रमाणे फी दिली. अकराला सकाळी मुलांना शाळेत सोडून तिने व्हॅन बाजूला लावली, कंपनीच्या ॲपवर गेली आणि पूर्ण हप्ता भरला. पावतीवर वेळ उमटली : दहा वाजून बेचाळीस मिनिटं. पावती तिने फोनमध्ये जपून ठेवली. आता सुटले, असं तिला वाटलं.

बारा तारखेला तिच्या खात्यातून हप्ता कापण्याचा तिसरा प्रयत्न झाला. खात्यात अडीच हजारही नव्हते, तोही परत गेला. बँकेचे आणखी पाचशे नव्वद कटले. दोन दिवसांनी कंपनीतून फोन आला : जुन्या कर्जाचे चार्जेस थकीत आहेत, नव्या व्हॅनचा अर्ज तोवर पुढे सरकणार नाही.

धम्मानंद म्हणाला, "भरून टाक सगळे. व्हॅन महत्त्वाची का हजार-दोन हजार?"

"जे माझ्या चुकीचं आहे ते भरीन," मोनाली म्हणाली. "बाराव्या तारखेला माझ्यावर हप्ताच बाकी नव्हता. नसलेला हप्ता बाउन्स कसा होते?"

शनिवारी शाळेला सुट्टी होती. ती कंपनीच्या धंतोलीच्या शाखेत गेली. कर्जखाती पाहणारा विक्रम तिशीतला तरुण होता. त्याच्यापुढे तिने कर्जाचं स्टेटमेंट ठेवलं. ॲपवरून काढून, झेरॉक्सच्या दुकानात छापून आणलेलं. आदल्या रात्री तिने प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती.

"सर, मी एकेक ओळ वाचते, चुकलं तर सांगा. पाच तारीख, हप्ता येणे, नऊ हजार आठशे चाळीस. मंग तेवढेच जमा, आणि त्याच्याच खाली जमा रद्द. म्हणजे तुम्ही आधी पैसे धरले आणि बँकेनं नाही म्हटल्यावर काढून टाकले. बरोबर?"

"बरोबर, मॅडम."

"मंग बाउन्स चार्ज साडेचारशे, जीएसटी एक्याऐंशी. पाचशे एकतीस. नऊ तारखेले पुन्हा तेच. हे दोन्ही मले मान्य. अकराले माझा हप्ता जमा. पाच ते अकरा, सहा दिवसांचा उशिराचा दंड एकोणचाळीस रुपये. तोही मान्य."

विक्रमने खुर्ची पुढे ओढली.

"आणि ही बारा तारखेची ओळ. पुन्हा जमा, पुन्हा जमा रद्द, पुन्हा पाचशे एकतीस. आदल्या दिवशी तुमच्याच स्टेटमेंटमध्ये हप्त्याची बाकी शून्य दाखवली आहे. मंग हे कशाचं बाउन्स?"

"मॅडम, ज्यांचा हप्ता कापायचा त्यांची यादी, म्हणजे प्रेझेंटेशनची फाइल, आदल्या दिवशीच बँकेकडे जाते. सिस्टम आहे ती, मध्ये थांबवता येत नाही."

"किती वाजता जाते?"

"दुपारी चारला," विक्रम म्हणाला.

मोनालीने फोन त्याच्यासमोर धरला. "माझी पावती पाहा. दहा बेचाळीस. फाइल जायच्या सव्वापाच तास आधी. फाइल गेल्यावर भरले असते तर मी एक शब्द बोलले नसते."

विक्रमने पावतीवरचा क्रमांक संगणकात घातला आणि नोंद उघडली. मग हळूच हसला. "खरं आहे. पेमेंट वेळेत आलं होतं, तुमचं नाव यादीतून काढायचं राहून गेलं. ही एंट्री मी आत्ता उलटवायला पाठवतो. पाचशे एकतीस सुटतील."

"आणि बँकेनं कापलेले पाचशे नव्वद?"

"ते आमच्या शाखेच्या हातात नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. स्टेटमेंट, पावती आणि बँकेची नोंद, तिन्ही जोडा. माझी टिप्पणी मी वरून लावतो. आणि हवं तर पहिल्या दोन चार्जेससाठी माफीचा अर्ज द्या. दोन वर्षांचा रेकॉर्ड चांगला आहे, कदाचित एक सुटेल."

मोनालीने मान हलवली. "नको. त्या दोन वेळा खात्यात पैसे खरंच नव्हते."

तिने तिथेच एक हजार एकशे एक रुपये भरले, दोन बाउन्सचे आणि दंडाचे. पावती घेतली. जाताना विचारलं, "आता अर्ज पुढे जाईन ना?"

"उलट नोंद दिसली की त्याच दिवशी."

मंगळवारी ॲपवर नवी ओळ आली : बाउन्स चार्ज रद्द. शेवटच्या रकान्यात शून्य. नऊ दिवसांनी तक्रारीचं उत्तर आलं आणि कंपनीने बँकेचे पाचशे नव्वद तिच्या खात्यात जमा केले. सोबत चार ओळींचं पत्र होतं. धम्मानंदने ते दोनदा वाचलं.

"मी तर म्हटलं होतं भरून टाक," तो म्हणाला.

"तू थकून आला होता गा. बस आता, जेवून घे."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कर्ज मंजूर झालं. सही करताना मोनालीने विक्रमला आधी कागदाचं शेवटचं पान उघडायला लावलं, चार्जेसचा तक्ता असतो ते, आणि त्यातली प्रत्येक रक्कम मोठ्याने वाचली. मग हप्त्याची तारीख पाचची बारा करून मागितली, कारण पालकांची फी दहापर्यंत येते. विक्रमने तारीख बदलून दिली.

दुसरी व्हॅन चालवायला तिने आपल्या नणंदेला, इंदूबाईला, तयार केलं. पहिल्या सोमवारी दोन्ही गाड्या बेस्याच्या चौकातून एकामागोमाग निघाल्या, आणि मागच्या गाडीतली मुलं पुढच्या गाडीतल्या मुलांना खिडकीतून हात दाखवत होती.