तिसांचं चोवीस

सेक्टर ३४ मधल्या त्या कोचिंग क्लासात गणित शिकवणाऱ्या पद्मिनीबाईंना त्या दिवशी शिसारी आली, आणि ती काही केल्या जाईना.

झालं असं. वरच्या बॅचच्या निवड परीक्षेत जागा तीस. प्रश्न मालक विजयकुमार सरांचे, उत्तरंही त्यांचीच. एका प्रश्नात पाचाचा विसावा घात किती अंकी, असं विचारलं होतं. पाचाचा लॉग ०.६९९, त्याची वीसपट १३.९८, पूर्णांकात एक मिळवला की चौदा. सर ते एक मिळवायलाच विसरले होते. बाईंनी दाखवताच त्यांनी हसत तेराचे चौदा केले. का नाही करणार? पहिल्या तिसांनी चौदाच लिहिलं होतं.

दुसरा प्रश्न: पाच, दहा, पंधरा असं शंभरपर्यंत गुणलं तर शेवटी शून्यं किती? सरांचं उत्तर चोवीस. आता शून्याला एक पाच आणि एक दोन अशी जोडी लागते. एक ते शंभर सगळं गुणलं तर दोनाचे अवयव पोत्यानं निघतात, नुसते पाचाचे मोजून भागतं. बाईही वर्गात हेच घोकून घ्यायच्या! इथे मात्र नुसता पाचाचा पाढा. त्यात पाच निघतात चोवीस, दोन जेमतेम अठरा. शून्यं अठराच.

अठरा लिहिणारी एकटी हिमानी. शहराबाहेरच्या झिरकपूरहून दोन बस बदलून येणारी, घरात मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारी पोर. ती आली एकतिसावी. हा प्रश्न बरोबर धरला तर ती आत होती.

बाई पुन्हा सरांकडे गेल्या. सरांनी आकडेमोड पाहिलीसुद्धा नाही.

"मॅडम, सिलेक्शन के पोस्टर लग चुके हैं. तीसों बच्चों ने चौबीस लिखा है, तो चौबीस ही ठीक है."

शी! मघाशी याच माणसानं तिसांसाठी उत्तर बदललं, आणि आता तिसांसाठीच बदलत नाही. आणि बाई? दोन शब्द बोलल्या आणि मुकाट बाहेर आल्या. सरांइतकीच त्यांना स्वतःची किळस आली. तोंडाला काय कुलूप होतं?

जिन्यात हिमानी उभीच होती. कागद पुढे करून म्हणाली, उत्तरसूचीत चोवीस आहे, माझी चूक कुठे झाली तेवढं सांगा.

बाईंनी कागद वाचला. एकेक दोन नीट मोजलेला.

"चूक नाही गं. तुझंच बरोबर आहे."

पोरीचा चेहरा उजळला. मग यादीत नाव येईल का, असं तिनं विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

हिमानीनं कागदाची घडी केली. ना रडली, ना रागावली. शांतपणे, खरंच शिकायचं म्हणून तिनं विचारलं,

"तो मॅम, अगली बार चौबीस लिखूँ?"