साईसारखं पोलाद

शुक्रवारी संध्याकाळी कुशाबांचा निरोप समारंभ होता आणि बुधवारी सकाळी ते चोर ठरले. शाल आणून झाली होती.

करी रोडच्या औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावर हितेंद्रचा बोल्ट बनवायचा गाळा. एकतीस वर्षं त्याचं गोदाम कुशाबा सांभाळत होते. मूळचे मालवणचे. जाण्यापूर्वी त्यांनी गोदाम मोजून चाव्या द्याव्यात अशी रीत होती, आणि मोजणीतच घोटाळा निघाला. एका गिऱ्हाइकाने बोल्ट करायला स्वतःच्याच षटकोनी सळया पाठवल्या होत्या. दहा नग, प्रत्येकी सहा मीटर. संगणकावर वजन होतं चारशे ब्याऐंशी किलो. काट्यावर भरलं चारशे अठरा.

"चौसष्ट किलो," हितेंद्र म्हणाला. "गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

"सळया मोजा की, शेट," कुशाबा म्हणाले.

मोजल्या. दहा. टेपने लांबी घेतली. प्रत्येक सळई सहा मीटर. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर बरोबर बत्तीस मिलिमीटर. काटा गेल्याच आठवड्यात सरकारी शिक्का मारून आलेला, त्यामुळे त्यालाही दोष देता येईना. म्हणजे नग पूर्ण, लांबी पूर्ण, जाडी पूर्ण; फक्त वजन पळालेलं. अशी चोरी जमणाऱ्या माणसाला खरं तर निवृत्त होऊ द्यायला नको होतं.

"शेट, सळी म्हणजे काय दुधाचो टोप आसा, मी वरची साय काढून घेवक?" कुशाबांचा आवाज वर चढला. घाबरले की ते मालवणीत जात.

"मी तुम्हाला चोर म्हटलं का?"

"म्हणूक नाय, पण शालीची पिशवी मगाशी कपाटात गेली ना. मी बघलंय."

हितेंद्रने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. लहानपणी याच गाळ्यात कुशाबांनी त्याला खांद्यावर घेतलेलं होतं. पण संगणकावरचा तक्ता त्याने स्वतः बनवला होता, आणि माणसाचा आपल्याला खांद्यावर बसवणाऱ्यापेक्षा आपल्या तक्त्यावर विश्वास जास्त असतो.

नोंदी ठेवणारी रश्मी इतका वेळ ऐकत होती. "सर, हे चारशे ब्याऐंशी काट्यावरचं नाही हं. माल आला तेव्हा काटा पडताळणीला गेला होता. मालासोबतच्या चलनावर नुसते दहा नग. मी तक्त्यात बत्तीस आणि साठ मीटर टाकलं, त्याने वजन काढलं."

"मग बरोबरच असणार. बाजू गुणिले बाजू गुणिले लांबी गुणिले घनता. पोलादाची घनता सात हजार आठशे पन्नास. यात चुकणार काय?"

कुशाबा उठले. भंगाराच्या पेटीतून त्यांनी दोन तुकडे शोधून आणले, एक चौरस, एक षटकोनी. दोन्हींना बत्तीस नंबरचा पाना लावून दाखवला. दोन्हींवर घट्ट बसला. मग फुटपट्टी लावली. दोन्ही तुकडे एकेक फुटाहून जरा कमी, बरोबर तीनशे मिलिमीटर.

"आता वजन कर, रश्मी."

छोट्या काट्यावर चौरस तुकडा भरला दोन किलो चारशे दहा ग्रॅम. षटकोनी दोन किलो नव्वद ग्रॅम.

हितेंद्रने काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं. काटा कंटाळला नाही.

"सर, तक्ता केला तेव्हा आपल्याकडे फक्त चौरस माल यायचा," रश्मी हळूच म्हणाली. "षटकोनाचे कोपरे कापलेले, म्हणून समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराच्या वर्गाला आणखी शून्य पूर्णांक आठशे सहासष्टने गुणायचं असतं. पॉलिटेक्निकला होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तक्ता तुमचा होता ना, सर."

तिने नव्याने आकडे घातले. बत्तीस गुणिले बत्तीस, त्याला शून्य पूर्णांक आठशे सहासष्टने गुणलं, मग साठ मीटर आणि घनता. पडद्यावर आलं चारशे सतरा पूर्णांक सात.

हितेंद्रने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरची चलनं हलली. कुशाबा खुर्चीत बसले आणि रुमालाने आधी कपाळ आणि मग, कुणी बघत नाही असं समजून, डोळे पुसले. दोघेही बघत होते.

हितेंद्र कपाटाकडे गेला आणि पिशवी बाहेर काढून टेबलावर सर्वांना दिसेल अशी ठेवली. माफी मागायची होती. त्याऐवजी त्याने पडद्याकडे बघितलं.

"पण काका, काट्यावर चारशे अठरा आहे. तीनशे ग्रॅम जास्त कुठून आले?"

कुशाबांनी चाव्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला.

"सळी कधी अगदी तंतोतंत भरता काय, शेट? पण तुमका चोरच व्हयो आसलो, तर लिवा. कुशाबा जाताना तीनशे ग्रॅम घालून गेलो."