दारं उघडायच्या आत

पुढील थांबा : जुना पूल

बस थांबा सोडते, दारं मिटतात आणि छतातून आवाज येतो. आधी शहराच्या भाषेत, मग नदीपलीकडच्यांच्या भाषेत. पलीकडची भाषा बोलणारा तो आवाज या मार्गावर पहिल्यापासून एकाच बाईचा. ती बाई आता खिडकीशी खुर्चीत बसून "पा" म्हणत होती, आणि तिचा मुलगा पाणी आणायला उठत होता.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचे शब्द अर्ध्यावर तुटायचे. शहराची भाषा तर पार पुसली गेली होती. आपल्या भाषेतला शब्द ओठांवर यायचा, पहिलं अक्षर बाहेर पडायचं आणि बाकीचा आतच राहायचा. उरलेला शब्द घरच्यांनी ओळखायचा.

"पाणी नकोय त्यांना," सून म्हणाली. "पाय आखडलाय. तुम्हाला सगळ्या जगाचे आवाज कळतात, आईचा तेवढा कळत नाही."

मुलगा बस आगाराच्या घोषणा विभागात होता. विभाग म्हणजे एक खोली, एक संगणक आणि भिंतींना चिकटवलेला फोम. दिवसभर तो रेकॉर्डिंगमधले श्वास, खोकले, जादा शब्द छाटायचा, म्हणून आगारात त्याचं नाव पडलं कात्री. हे काम त्याला आईनंच शिकवलं होतं. त्याच खोलीत ती काचेपलीकडे उभी राहून बोलायची. वाक्य लांबलं, की हवेत दोन बोटांची कात्री चालवायची आणि पुन्हा घ्यायची. तिचा एकच नियम होता : दारं उघडायच्या आत वाक्य संपलं पाहिजे. नाहीतर ती घोषणा नव्हे, नुसती बडबड.

पुढील थांबा : नवा दवाखाना

घोडं अडलं ते इथंच.

जुना पूल आणि नवा बाजार यांच्यामध्ये महापालिकेनं दवाखाना बांधला, आणि दवाखान्यासमोर थांबा दिला. पुलापासून हाकेच्या अंतरावर. एवढ्याशा अंतरात थांब्याचं नाव दोन भाषांत बसवायचं होतं. बस थांबली, दार उघडलं, की यंत्र चालू घोषणा तिथंच तोडतं आणि "हा थांबा अमुक" ही दुसरी सुरू करतं. ज्यांची भाषा दुसरी, त्यांचंच नाव तुटणार.

"नाकापेक्षा मोती जड झालाय," विभागाच्या मॅडम म्हणाल्या. "आणि हे नाव तुझ्या आईच्या आवाजात नाहीच. नवीन मुलीनं सगळा मार्ग बोलून ठेवलाय. तोच लावू या."

"फक्त हा थांबा त्या मुलीच्या आवाजात लावला तर?"

"एका मार्गावर एका भाषेचा एकच आवाज. कानावर जाणारी माणसं असतात रे. मध्येच आवाज बदलला तर त्यांना वाटतं, चुकीच्या बसमध्ये बसलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आईचं मलाही कळतं. एक संधी देते. जुन्यातून जुळवून दाखव. पण मोजताना पहाटेच्या पहिल्या बसमध्ये मोज. रस्ता रिकामा असतो तेव्हा."

त्यानं जुळवलं. "नवा" हा शब्द 'नवा बाजार' मधून घेतला. "दवाखाना" मिळाला तो 'गुरांचा दवाखाना' या थांब्यातला. बायकोला ऐकवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "फक्त आई दोन खोल्यांतून बोलताहेत असं वाटतं."

खरंच होतं ते. एक शब्द वाक्याच्या सुरुवातीचा, चढता; दुसरा शेवटाचा, उतरता. मधे श्वासाएवढी जागा सोडली, तरच ते एका तोंडचे वाटायचे. जागा छाटली की शब्द एकमेकांवर आदळायचे. वेग वाढवला तर बाई घाईत असल्यासारखी वाटायची, आणि आई आयुष्यात कधी घाईत बोलली नव्हती. "पुढील थांबा" मधलं "थांबा" गेलं, "कृपया" गेलं. ती जागा मात्र त्यानं ठेवली.

मग तो मोजायला गेला. भरदुपारी. पुलावर रिक्षांची रांग होती, बस रांगत होती, आणि आईचं वाक्य संपल्यावरही दाराला उघडायला वेळ होता. मॅडम काय म्हणाल्या होत्या ते त्याला चांगलं आठवत होतं. त्यानं "चाचणी उत्तीर्ण" असं कळवलं.

पुढील

आईला ऐकवायचं ठरलं. ऊन तापायच्या आत न्यावं, म्हणून सून म्हणाली, "पहिल्या बसनं जा. गर्दी नसते, बसायला जागा मिळेल."

तो नाही म्हणू शकला असता. काय कारण सांगणार होता?

ड्रायव्हर जुना. आईला बघून त्यानं स्टिअरिंगवरचा हात कपाळाला लावला. "या मावशी. तुम्ही वरून बोलता म्हणून आम्ही जागे राहतो. घरी सांगितलं तर बायको म्हणते, तिचं ऐकता, माझं का नाही."

आई अर्ध्या तोंडानं हसली.

बस निघाली. एकेका थांब्यावर छतातून तिचा आवाज आला, तरुण, स्वच्छ, जागच्या जागी संपणारा. प्रत्येक वेळी ती मुलाच्या गुडघ्यावर बोट टेकवायची, वाक्य संपलं की उचलायची. जुन्या पुलापाशी दोघं-चौघं चढले. मागच्या बाकावर पलीकडची एक म्हातारी होती. मांडीवर एक्स-रेचं पाकीट, डोळ्यांवर हिरवी पट्टी.

पूल सुटला. समोर रिकामा रस्ता, सिग्नल हिरवा.

आधी शहराची भाषा झाली. आईचं बोट गुडघ्यावर टेकलं. "पुढील, नवा..." श्वासाएवढी जागा. "दवा

दार उघडलं. यंत्रानं आईला तिथंच तोडलं आणि शहराच्या भाषेत "हा थांबा" सुरू केलं.

म्हातारी कान देऊन बसली होती. नवा काय ते तिला कळलंच नाही. कोणीतरी उतरल्याची चाहूल लागून ती उठली तोवर दारं मिटली.

"दवाखाना गेला का?" तिनं हवेत विचारलं. "मला वाटलं, नवा बाजार म्हणताहेत बाई."

कोणीतरी तिला सांगितलं, पुढच्या थांब्यावर उतरून मागं या. ती पाकीट छातीशी धरून उभीच राहिली.

मुलगा आईकडे बघू शकला नाही. गुडघ्यावरचं बोट अजून उचललं गेलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं मान वळवली. आई म्हातारीकडे बघत होती. मग तिनं चालता हात वर केला, दोन बोटं पसरली, मिटली. पसरली, मिटली.

"एवढा एकच थांबा, आई. बाकी सगळे नीट बसतात. मी ती जागा छाटतो, मग..."

"दु," ती म्हणाली. "दु..."

दुसरा. दुसरा आवाज. हा शब्द त्याला लगेच कळला. कळला नसता तर बरं झालं असतं.

हा थांबा : नवा दवाखाना

नव्या मुलीचा आवाज लागला त्या आठवड्यात आईनं खिडकीकडे बोट करून बसचा हट्ट धरला. त्यानं नेलं. ऐकू देऊ नये असं त्याला वाटत होतं, पण हट्टापुढं कोणाचं चालतं?

जुना पूल सुटला. रस्ता तेवढाच रिकामा. मुलगी दोन्ही भाषांत बोलली आणि थांबली. तरी अजून दवाखान्याचं फाटक दूर होतं. कडेवर पोर घेतलेली एक बाई उठली, दांडा धरून दारापाशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं तेव्हा ती तयार होती.

आईनं मान हलवली. चांगल्या घेतलेल्या रेकॉर्डिंगनंतर काचेपलीकडून हलवायची, तशीच.

मग तिचं बोट त्याच्या गुडघ्यावर टेकलं. ओठ जुळले.

"न," ती म्हणाली. "न..."

उरलेला शब्द त्याला माहीत होता. दोन्ही शब्द माहीत होते. ते त्यानं तिलाच पुरे करू दिले. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. उतरणारे उतरून गेले होते, चढणारं कोणी नव्हतं, तरी त्यानं दार उघडं ठेवलं. जेवढा वेळ ठेवता येतं तेवढा.

"न..."

मागून दुसऱ्या बसनं हॉर्न दिला. दारं मिटली.