काळी चारची पेटी

दसरा चार दिवसांवर आला होता आणि झेंडूच्या टोपल्या कमी पडत होत्या, म्हणून उत्तमरावांनी लेकीला, शकुनला, माळ्यावर चढवलं. अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या सडकेला लागून त्यांचा फुलांचा मळा, आणि मळ्यातच कवेलूंच्या छपराचं घर. शकुन चौदा वर्षांची. मराठी सहावी पास होऊन ती घरी बसली होती. पण स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. टोपल्या खाली टाकल्यावर मागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड दिसलं. ते काय आहे हे पाहिल्याशिवाय ती खाली उतरणार नव्हतीच.

गोणपाटाखाली हातपेटी होती. बाजेची पेटी, आजीची. आजीला, पार्बताबाईला, जाऊन आठ वर्षं झाली होती. शकुनला तिचा आवाज आठवत होता, हातातली एकतारी आठवत होती. पेटी मात्र कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. विचारलं तेव्हा बाप एवढंच म्हणाला की ती पेटी बिघडली होती, भजनमंडळात तिचा फजितवाडा झाला होता, आणि मग आजीनंच ती वर टाकली. त्यानं पुढं काही सांगितलं नाही, कारण त्यालाही त्यापुढचं ठाऊक नव्हतं.

दसऱ्याची फुलं बाजारात गेली, तशी शकुन पेटीला भिडली. मागचा भाता उघडून दाबला तर कुठलीच पट्टी न दाबता आतून एकच सूर भोकाड पसरून रडायला लागला. भाता हाताखाली भसकन बसत होता, म्हणजे वारा कुठून तरी पळत होता. तिनं भात्याच्या घड्यांवर ओला गाल धरून फिरवला. जिथं गार लागलं तिथं चीर होती. जुन्या चपलेचं पातळ कातडं सरसानं चिकटवून तिनं ती बंद केली. वरचं झाकण काढल्यावर रडणारा सूरही सापडला. प्रत्येक पट्टीच्या पोटाशी कातड्याची गादी असते, ती खालचं भोक झाकून ठेवते, आणि बोटानं पट्टी दाबली की गादी उचलली जाऊन वाऱ्याला वाट मिळते. एका पट्टीची तारेची स्प्रिंग जागची सरकली होती, म्हणून तिची गादी नीट बसतच नव्हती. शकुननं स्प्रिंग पुन्हा खाचेत बसवली आणि पेटी गप्प झाली. आता वारा आत सोडणारी समोरची खुंटी ओढून भाता मारला की तो हळूहळू, शहाण्यासारखा खाली बसत होता.

तीन-चार पट्ट्या मुक्या राहिल्या होत्या. आणि ज्या वाजत होत्या त्यांवर तिनं पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, सा धरून शाळेत शिकलेलं सारेगम चढवलं, तर मध्येच ओळखीचं माणूस भलत्याच कपड्यात समोर यावं तसं वाटलं. गंधार तिच्या गळ्यापेक्षा चढा येत होता. धैवतही तसाच.

ती बापाला म्हणाली, हे आपल्याच्यानं होत नाही, अकोल्याला पेटीच्या मिस्त्रीकडं नेऊ. उत्तमराव मळा सोडून जायला नाखूष होते. पण अकोल्याला माणिकबाई राहत होती, आजीची जिवाची मैत्रीण, आणि दिवाळी झाल्यावर तिच्याकडं फराळ न्यायचाच होता. मग बडनेऱ्याला गाडी धरून दोघं बापलेक निघाले. पेटी शकुननं सगळी वाट मांडीवर ठेवली.

गोवर्धन मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, भिंतीला उघड्या पेट्या आणि एक ग्रामोफोन. माणूस बोलायला तुटक, पण हातानं हळू. त्यानं स्क्रू काढून सुरांची फळी बाहेर घेतली आणि उलटी करून शकुनच्या समोर ठेवली. पितळेच्या छोट्या पाट्यांची रांगच रांग. प्रत्येक पाटीला मधोमध एक लांब खाच, आणि खाचेवर पातळ पितळी जीभ, एका टोकाला खिळ्यानं पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. वारा आला की ती जीभ खाचेतून खालीवर हलते आणि बोलते. लांब जीभ खर्जात बोलते, आखूड वरच्या सप्तकात. मुक्या सुरांच्या जिभेखाली त्यानं पातळ कागद सरकवून ओढला. आठ-दहा वर्षांची धूळ कागदावर आली, आणि सूर बोलायला लागले.

मग फळी परत बसवून तो जुळणीला बसला. आपली जुळलेली पेटी शेजारी ठेवून तो दोन्हीकडं तीच पट्टी दाबायचा आणि ऐकायचा. दोन सूर अगदी एक नसतील, तर त्यांच्यातून एक लाट उठते, वँव-वँव-वँव. जितका फरक जास्त तितकी लाट घाईची; सूर जवळ आले की ती मंदावते, आणि एक झाले की थांबते. बऱ्याचशा पट्ट्यांवर लाट नव्हती. पांढरी एक, पांढरी चार आणि पांढरी पाच यांवर मात्र ती जोरात होती.

"उतरले हे तिन्ही," मिस्त्री म्हणाला. "कोणीतरी कानस मारून बिघडवलेत. चढवून देतो."

त्यानं फळी पुन्हा काढून समजावून सांगितलं. जिभेच्या मोकळ्या टोकाला खरवडलं की टोक हलकं होतं, जीभ भरभर हलते आणि सूर चढतो. खिळ्याजवळ, मुळाशी खरवडलं की जीभ मऊ पडते आणि सूर उतरतो. या तीन सुरांच्या मुळाशी कानशीच्या बारीक रेघा होत्या. आता तो टोकाशी घासणार होता.

शकुननं फळी स्वतःकडं ओढली आणि उजेडात धरली. रेघा खालच्या सप्तकातल्या त्या तीन सुरांवर होत्या. मधल्या सप्तकातही त्याच तिघांवर होत्या. वरच्यातही त्याच, आणि शेवटच्या वरच्या पांढऱ्या एकवरही. दहा सूर. बाकीच्यांना हातही लागला नव्हता. शिवाय सगळ्या रेघा सारख्या, नीट, एकीशेजारी एक. बिघडवणारा माणूस एवढा नेम धरून बिघडवत नाही, हे तिला लगेच कळलं.

"काका, आज कानस मारू नका," ती म्हणाली. "हे कोणी समजून केलं हाय. मले आधी माणिकआजीले विचारू द्या."

उत्तमराव ओशाळले. मिस्त्रीच्या कामात पोरीनं बोलावं, हे त्यांना बरं वाटलं नाही. गोवर्धन मात्र रेघांकडं पुन्हा वाकून पाहत होता. त्यानं फळी परत बसवून दिली आणि संध्याकाळी आपण स्वतः माणिकबाईकडं येतो म्हणाला.

माणिकबाईचं वय सत्तरीच्या पुढं होतं. नजर अधू झाली होती, पण पेटीचा पहिला सूर निघाला तशी ती भिंतीला टेकलेली सरळ झाली. काय झालं होतं ते तिनं सांगितलं. बायकांच्या भजनात पार्बता आणि ती जोडीनं गायच्या, आणि दोघींच्या गळ्याला काळी चार हाच सा बसायचा. पार्बताला ही पेटी फार आवडली, पण पेटीचा गंधार एकतारीला भिडायचा नाही, थरथरायचा. तिला ते सोसवेना. तिनं मिस्त्र्यांचं काम पाहून घेतलं, सोनाराकडची बारीक कानस मागून आणली, आणि एकतारी लावून महिनाभर एकेक सूर काढून उतरवत बसली. पेटी अशी झाली की गळा तिच्यावर आपोआप टेकायचा. मग एका रामनवमीला पुरुषांच्या मंडळानं ती मागून नेली. ते पांढऱ्या एकवरून गायला बसले आणि सगळं बेसूर झालं. मंडळाचे नत्थुजी सगळ्यांसमोर म्हणाले की बाईमाणसानं पेटीत हात घातला की असंच व्हायचं.

"तिनं सांगतलं नाई त्याईले?" शकुननं विचारलं.

"सांगाले गेली होती. कोणी ऐकलं नाई," माणिकबाई म्हणाली. "मग म्हणे, माणिक, गळा तं आपल्यापाशीच हाय."

उत्तमराव खाली मान घालून बसले होते. आईची पेटी बिघडलेली होती असं ते इतकी वर्षं सांगत आले होते.

गोवर्धन आला तेव्हा दिवेलागणीला अवकाश होता. माणिकबाईनं आपली एकतारी काढली आणि शकुननं काळी चार दाबून ती जुळवून घेतली. तार छेडत ठेवून तिनं काळ्या चारपासून चढायला सुरुवात केली. काळी पाच हा रिषभ. मग वरची पांढरी एक, म्हणजे गंधार. तिनं ती धरून ठेवली. तारेच्या आत जो बारीक गंधार आपसूक वाजत असतो, त्यात पेटीचा सूर मिसळून गेला. लाट नव्हती. थरथर नव्हती. पांढरी चार धैवत झाली, पांढरी पाच निषाद, आणि तीही तशीच शांत. मग मिस्त्रीनं आपल्या सोबत आणलेल्या पेटीवर तोच गंधार धरला, तर तारेशी तो ठणकू लागला.

गोवर्धननं दोनदा, तीनदा धरून पाहिलं.

"माही पेटी कुठूनबी सा धरला तरी चालते, पण थोडी थोडी सगळीकडं चढते-उतरते," तो म्हणाला. "तुह्या आजीनं एकच सा निवडला आन् त्याच्यासाठी बाकी सोडून दिलं. मी तं पुसून टाकत होतो ना हे."

माणिकबाई मध्येच गायला लागली. आवाज विरला होता, श्वास पुरत नव्हता, पण गंधारावर आली तशी ती थांबून राहिली आणि पेटीनं तिला तोलून धरलं. शकुन भाता मारत होती, हात दुखत होता, आणि थांबावंसं तिला मुळीच वाटत नव्हतं. उत्तमरावांनी डोळे पुसले. शकुननं ते पाहिलं, पण तसं दाखवलं नाही.

सकाळी ती बापाला म्हणाली की मी महिनाभर अकोल्यालाच राहणार, माणिकआजीपाशी, आणि दिवसा मिस्त्रीकडं शिकायला जाणार. विचारल्यासारखं तिनं म्हटलं नाही, ठरल्यासारखं म्हटलं. उत्तमरावांनी फक्त मळ्यातल्या कामाचं नाव काढलं, मग पेटीकडं पाहिलं, आणि बरं म्हणाले. गोवर्धननं आधी तिला आठ दिवस धूळच झाडायला लावली. तिनं झाडली. त्या आठ दिवसांत ती कान देऊन लाटा मोजत होती, हे त्याच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.

नवव्या दिवशी एका शाळेची पेटी आली, मधल्या सप्तकातली काळी दोन चढलेली. मिस्त्रीनं कानस तिच्या हातात दिली. शकुननं जिभेखाली पातळ पत्रा सरकवून तिला आधार दिला, म्हणजे जीभ वाकत नाही, आणि मुळाशी तीनदा हलकेच घासलं. सूर बसवून ऐकला तर लाट अजून होतीच, आणि आता ती दुसऱ्या अंगानं होती. सूर गरजेपेक्षा खाली गेला होता. शकुननं सूर पुन्हा काढला, टोकाशी कानस एकदाच फिरवली, फुंकर घालून कीस उडवला आणि जागी बसवला. लाट मंदावत मंदावत लांब झाली, आणि थांबली.

"दुसरी पेटी कोणती हाय?" तिनं विचारलं.