कानातला मळ

मांजरांच्या दवाखान्यात दुपारी गर्दी ओसरली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मोबाइल उघडला. आपला म्हातारा बोका त्यांच्याकडेच दाखवणाऱ्या शाळेतल्या एका बाईंनी फोटो पाठवला होता. बाई मांजरीचं एक पिल्लू विकत घेणार होत्या. कानात थोडा मळ आहे, पुसला की जाईल, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. खरं का ते, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा केला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. कानाच्या आत खोलवर कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट भुगा साचला होता. कडेला खपल्या धरल्या होत्या. कानामागचे केस गेले होते आणि तिथे नखांचे ओरखडे होते, काही सुकलेले, काही अजून ओले. पिल्लाने स्वतःला खाजवून खाजवून रक्तबंबाळ केलं होतं. बहुधा कानातले किडे. खात्री तपासल्यावरच होणार होती.

मग त्यांची नजर कान दुमडून धरणाऱ्या अंगठ्यावर गेली. त्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. लहानपणी दारात चेमटलेला तो अंगठा त्यांच्या धाकट्या भावाचा होता.

तळपायाची आग मस्तकाला गेली. बाईंना त्यांनी थांबायला कळवलं आणि भावाला फोन करून पिल्लू घेऊन ताबडतोब यायला बजावलं.

तो हसत आला. ताई उगाच बाऊ करते, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कानात बघायच्या छोट्या दुर्बिणीने पिल्लाचा कान पाहिला, पडदा शाबूत होता. कापसाच्या बोळ्याने थोडा भुगा काढून तेलाच्या थेंबात काचेवर पसरला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि भावाची मान धरून त्याला वाकवलं.

भिंगाखाली पांढुरके, आठ पायांचे जीव वळवळत होते.

"हा तुझा मळ. चालतोय बघ."

भावाचं हसू मावळलं. कापूस घालून आपण रोज पुसत होतो, असं तो पुटपुटला.

"पुसत नव्हतास, आत ढकलत होतास. आणि या पिल्लाची आई? बाकीची भावंडं? ती पण खाजवतात ना?"

खाजवत होती. त्याला कधीपासून ठाऊक होतं. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून तो गप्प होता.

"त्या बाईंच्या घरी म्हातारा बोका आहे. त्यालाही हे किडे दिले असतेस. माझा भाऊ म्हणून मला लाज वाटते तुझी."

त्याच्यादेखत त्यांनी बाईंना फोन लावून सगळं सांगितलं, आपल्या भावाचं नाव न लपवता. मग कान हलक्या हाताने साफ केले आणि मानेवर औषधाचे थेंब सोडले. घरातल्या प्रत्येक मांजराला हे औषध द्यायचं, महिन्याने पुन्हा द्यायचं, आणि आपण तपासून बरं म्हणेपर्यंत एकही पिल्लू विकायचं नाही, असं त्यांनी ठणकावलं.

भाऊ पिल्लू धरून उभा होता. ते कान झटकत होतं. डॉक्टरीणबाईंचा राग काही उतरला नव्हता. त्यांनी औषधांची पिशवी उचलली आणि त्याच्या घरी आईमांजरीला बघायला त्याच्यापुढे तरातरा चालू लागल्या.