चपलेचा वास

मागच्या खेपेला गोरेगाव-हिंगोली एसटीत माझ्या लेकीचा, दिपाचा श्वास असाच अडकला होता. फिट आली समजून मी सगळ्यांदेखत तिच्या नाकाला चप्पल लावली. तरी थांबेना तेव्हा "नाटकं करून राहिली," म्हणून ओरडले. दवाखान्यातल्या मॅडमनी नंतर मला चांगलं सुनावलं: हा घाबरल्याचा झटका हाये, फिट न्हाई.

आज तशाच खच्चून भरलेल्या गाडीत तिचा श्वास पुन्हा अडकायला लागला. शेजारचा म्हातारा पायातली चप्पल काढायला वाकला. "राहू द्या ती!" मी खेकसले. मग मॅडमनी शिकवलं तसं विचारलं, "दिपे, दिसणाऱ्या पाच गोष्टी सांग."

खिडकी, घंटीची दोरी करत तिनं पाच सांगितल्या. चार वस्तूंना हात लावला, तीन आवाज सांगितले. श्वास जरा सावकाश झाला.

"दोन वास?"

"डिझेल." तिनं माझ्या पायांकडं बघितलं. "आन तुझी चप्पल."

"तो तवाचा. आत्ताचा सांग." मी पदर पुढं केला.

"चुलीचा धूर."

मी तिच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला. "आता चव?"

"गोड."

तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. मी चपला सीटखाली ढकलल्या, आन हिंगोलीला तशीच अनवाणी उतरले.